तयारीला तारीख हवी

परभणीत पदवी झालेल्या मुलाला ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं की दोनपैकी एक उत्तर येतं. ‘तयारी चालू आहे’ म्हणताना त्याची मान ताठ असते. ‘दुकानावर आहे’ म्हणताना आवाज खाली येतो. घरचेही तसंच सांगतात. तयारी करणाऱ्या मुलाचा उल्लेख पाहुण्यांपुढे होतो, मुनीम म्हणून काम करणाऱ्याचा टाळला जातो. मला वाटतं, यातली लाज बऱ्याचदा चुकीच्या जागी आहे. शिक्षणापेक्षा खालचं काम करण्यात वर्षं वाया जातातच असं नाही. ती दोन ठिकाणी नक्की वाया जातात: ज्या तयारीला शेवटची तारीख नाही तिथे, आणि ज्या कामातून पगाराशिवाय हातात काहीच उरत नाही तिथे.

आधी तयारीचा हिशेब पाहू. तलाठी भरतीची परीक्षा २०१९ मध्ये महापरीक्षा पोर्टलवर झाली. त्यानंतरची मोठी भरती २०२३ मध्ये आली. जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले. शिपायाच्या पदाला बारावी पुरते, तरी रांगेत इंजिनिअर आणि एम.ए. झालेली मुलंही उभी होती.

एका जागेमागे किती जण, याची चर्चा सगळेच करतात. मला त्याहून जास्त काळजी मधल्या वर्षांची वाटते. २०१९ मध्ये एकवीस वर्षांचा असलेला मुलगा पुढच्या तलाठी परीक्षेला बसला तेव्हा पंचवीस वर्षांचा झाला होता. त्या चार वर्षांत त्याने अभ्यास केला असेल, नसेल. पण जाहिरात कधी येणार हे त्याच्या हातात नव्हतं. ज्या गोष्टीची तारीख दुसऱ्याच्या हातात आहे, तिच्यासाठी आपली सगळी वर्षं बाजूला काढून ठेवायची नसतात.

वयोमर्यादेचाही असाच उलटा परिणाम झाला आहे. राज्य सेवेतल्या बऱ्याच पदांसाठी खुल्या गटाची कमाल मर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. मर्यादा वाढली ती जास्त उमेदवारांना संधी मिळावी म्हणून. आपल्या घरांमध्ये तिचा अर्थ ‘अजून वेळ आहे’ असा घेतला गेला. पोलीस शिपायाला मात्र खुल्या गटात २८ च आहे. ज्याचा डोळा पोलीस भरतीवर आहे आणि जो अडतिसाच्या हिशेबाने निवांत आहे, त्याचं गणित पहिल्या ओळीतच चुकलेलं असतं.

परीक्षा देऊ नयेत असं मी म्हणत नाही. किती परीक्षा, कोणत्या आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे आधी लिहून ठेवावं आणि ते घरात सांगावं, एवढंच म्हणतो. मनात ठेवलेली तारीख पुढे सरकते. अब्बांना सांगितलेली तारीख सरकवणं अवघड जातं.

या हिशेबात आपल्याकडच्या मुलांचे आणखी काही महिने कागदात जातात, त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखला काढायला मात्र १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात अनेकदा नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबांचा उतारा शोधा, जुनं खरेदीखत शोधा, खासरा पत्रक काढा. हे काम जाहिरात आल्यावर सुरू केलं तर त्या भरतीपुरतं संपलेलंच असतं. ज्यांची बिरादरी यादीत नाही आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना आर्थिक दुर्बल घटकांचं दहा टक्के आरक्षण २०१९ पासून आहे. खुल्या गटातल्या मुसलमानालाही ते लागू आहे, पण ‘ते आपल्यासाठी नसतं’ असं सांगणारे सुशिक्षित लोक मला आजही भेटतात. परीक्षेचं पुस्तक विकत घेण्याआधी या दोनपैकी आपण कुठे बसतो ते तहसीलमध्ये जाऊन पक्कं करावं. अभ्यास नंतर रात्री जागून भरून काढता येतो, दाखला येत नाही.

आता खालच्या कामाकडे वळू. कापड दुकान, मोबाईलचं दुकान, जिनिंग, मोंढ्यातली अडत, मेडिकल, सेतू केंद्र, खाजगी शाळा. परभणी, सेलू, मानवत, जिंतूरची पदवीधर मुलं बहुतेक इथेच काम करताना दिसतात. पगार सगळीकडे जवळजवळ सारखाच कमी. म्हणून पगारावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. मी मुलांना दुसराच प्रश्न विचारतो: वर्षभराने तू हे काम सोडलंस, तर इथे शिकलेल्या कोणत्या गोष्टीचे पैसे दुसरा मालक तुला देईल? कापड दुकानात तागा उलगडून दाखवणं वर्षभरात येतं आणि पाचव्या वर्षीही तेवढंच येतं. मालक बदलला तर पगार पुन्हा पहिल्यापासून. त्याच दुकानातला जमाखर्च लिहिणारा मुलगा मात्र काहीतरी घेऊन बाहेर पडतो. दोघांचा पगार सुरुवातीला हजार-पाचशेच्या फरकाने सारखा असतो, फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो.

हे नुसतं बोलून कळत नाही, म्हणून माझ्या ओळखीतल्या एका तरुणाचं उदाहरण सविस्तर देतो. नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. वडिलांचा फळांचा गाडा. मुलगा २०१९ मध्ये नांदेड विद्यापीठाचा बी.कॉम. झाला, गुण छप्पन्न टक्के. पहिली दोन वर्षं एका कापड दुकानात गेली, सात हजार रुपये रोख, सकाळी दहा ते रात्री नऊ. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर रात्रीचा एक. २०२१ च्या दिवाळीनंतर तो मानवतकडच्या एका जिनिंगमध्ये साडेआठ हजारांवर मुनीम म्हणून लागला. मोहल्ल्यात लोक म्हणाले, पदवी घेऊन शेवटी सरकी-रुईच्या धुळीतच गेला.

त्या धुळीत काय होतं ते पाहा. जिनिंगमध्ये कापूस दोन वाटांनी येतो. एक शेतकऱ्याकडून थेट, दुसरा व्यापाऱ्याकडून. व्यापारी जीएसटीचं बिल देतो आणि कर त्यातच लावतो. शेतकरी बिल देत नाही, त्याला नोंदणीच लागत नाही. पण नोव्हेंबर २०१७ पासून नियम असा आहे की शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा पाच टक्के कर घेणाऱ्या नोंदणीकृत जिनिंगने स्वतः भरायचा. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं. जिनिंगने स्वतःच्याच नावाचं बिल करायचं, कर रोखीने भरायचा, खात्यात शिल्लक असलेल्या क्रेडिटमधून तो वळता करता येत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं आणि ते रुईच्या विक्रीवरच्या करात वापरता येतं.

समजा एका महिन्यात शेतकऱ्यांचा दहा लाखांचा कापूस घेतला. त्यावर पन्नास हजार रुपये रोख भरायचे. मुनिमाने या पट्ट्या साध्या खरेदीत टाकल्या तर ते पन्नास हजार भरायचे राहून जातात, आणि वर्षाने कोणाच्या लक्षात आलं तर अठरा टक्क्यांप्रमाणे नऊ हजार रुपये व्याज चढलेलं असतं. म्हणजे मुनिमाचा महिन्याचा जवळजवळ पूर्ण पगार एका महिन्याच्या नोंदीतल्या चुकीत गेला. हे ज्याला कळतं तो मालकाचे पैसे वाचवतो. ज्याला कळत नाही तो पट्ट्या टाईप करतो. बाहेरून दोघेही एकाच खुर्चीवर बसलेले दिसतात.

या मुलाने पहिल्या हंगामात एक साधी गोष्ट केली. रोजच्या पट्ट्या टॅलीत भरल्यावर महिनाअखेरीस करसल्लागाराच्या ऑफिसात कागद घेऊन जायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं. दुसऱ्या मुनिमाला ते ओझं वाटत होतं, त्याने आनंदाने दिलं. तिथे बसून त्याला महिन्याचं वेळापत्रक कळलं. सात तारखेपर्यंत कापलेला टीडीएस भरायचा. अकरा तारखेपर्यंत विक्रीची GSTR-1. चौदाला पोर्टलवर GSTR-2B येतो, म्हणजे आपल्याला माल देणाऱ्यांनी आपल्या नावावर काय दाखवलं त्याची यादी. ती आपल्या खरेदीशी जुळवायची, कारण समोरच्याने बिल दाखवलं नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. आणि वीस तारखेपर्यंत GSTR-3B भरून कर जमा करायचा. छोट्या व्यापाऱ्यांना तिमाही पद्धतीची सोय आहे, पण जुळवणीचं काम तेच. चौदा ते वीस या सहा दिवसांत करसल्लागाराच्या ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्याला जुळवणी येते, त्याला त्या दिवसांत कोणी ‘तू कुठला’ म्हणून विचारत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची, आणि परभणी जिल्ह्यातल्या मुलांनी ती नीट ध्यानात घ्यावी अशी आहे. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्यात थांबते. पावसाळ्यात मुनिमांना अर्धा पगार किंवा सरळ सुट्टी. बहुतेक मुलं ते चार महिने कट्ट्यावर काढतात. नेमक्या त्याच दिवसांत करसल्लागाराला माणसं हवी असतात, कारण पगारदारांच्या आयकर विवरणपत्रांची नेहमीची मुदत ३१ जुलै आणि ऑडिटच्या अहवालांची ३० सप्टेंबर. एकाचा बंद हंगाम हा दुसऱ्याचा भर हंगाम आहे. हा मुलगा २०२२ च्या जूनमध्ये त्याच ऑफिसात सहा हजारांवर चार महिन्यांसाठी गेला. जिनिंगपेक्षा अडीच हजार कमी. घरी कुरबुर झाली, साहजिक आहे. पण बसून राहणाऱ्या मुनिमाला त्या चार महिन्यांत मिळालं असतं त्याहून ते जास्तच होतं, आणि शिकायला मिळालं ते वेगळं. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये परतला तेव्हा मालकाने त्याला अकरा हजार दिले, कारण आता जुळवणी तोच करून देत होता.

२०२३ मध्ये त्याने तलाठीची परीक्षा दिली. घरी सांगूनच दिली होती: ही एक, आणि यानंतर नाही. निवड झाली नाही. त्याच वर्षी त्याने जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केली. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासनाची पदवी असलेल्याला पोर्टलवर PCT-01 हा अर्ज भरून ही नोंदणी मागता येते, अर्ज करताना त्या वेळच्या अटी वाचून घ्याव्यात. नोंदणी झाली की व्यापाऱ्याच्या संमतीने त्याची विवरणपत्रं भरता येतात. म्हणजे ज्या बी.कॉम.ची मोहल्ल्यात चेष्टा झाली, तीच पदवी इथे पात्रता ठरते. बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्याला हे दार असं थेट उघडत नाही, त्याला हिशेबनीस म्हणून काम करता येईल, पण या नोंदणीसाठी वेगळी पदवी लागेल. हा फरक आधी कळलेला बरा.

आज तो करसल्लागाराकडे पूर्ण वेळ चौदा हजारांवर आहे. स्वतःचे अकरा व्यापारी आहेत, बहुतेक मोंढा आणि स्टेशन रोडवरचे छोटे दुकानदार, प्रत्येकी महिन्याला सहाशे रुपये. कागदावर सहा हजार सहाशे, प्रत्यक्षात वेळेवर येतात चार-साडेचार. बाकी ‘पुढच्या महिन्यात देतो’. दोन्ही मिळून अठरा-एकोणीस हजार. ही काही यशोगाथा नाही. पण २०१९ मध्ये त्याच्यासोबत पास झालेले आणि अजून ‘तयारी’ करणारे त्याचे दोन मित्र आहेत, त्यांच्यापेक्षा त्याच्यासमोर आज जास्त वाटा आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक भागात किंवा पुण्यात अकाउंट्सच्या जागेसाठी तो मुलाखतीला जाऊ शकतो आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. पदवीला पंचावन्न टक्के असलेल्या वाणिज्य पदवीधराला सीएच्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश आहे, याचे छप्पन्न आहेत. ती वाट लांब आणि कठीण आहे, इंटरमिजिएटनंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप आहे, आणि घरात कमावणारा एकच असेल तर ती परवडत नाही. तो अजून ठरवतो आहे. ठरवायला काहीतरी आहे, हेच महत्त्वाचं.

या वाटेवर अडकायच्या जागाही आहेत. पहिली, करसल्लागाराच्या ऑफिसातच मुलगा टाईप करणारा होऊन राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. सहा महिने झाले आणि तुला अजून फक्त खरेदीची बिलं भरायला देतात, नोटीस आली तर ती तुला वाचायलाही मिळत नाही, विवरणपत्र भरताना तुला उठवून दुसरा बसतो, तर तिथे शिकणं थांबलेलं आहे. एकदा तोंडाने मागून पाहावं. दिलं नाही तर पुढच्या हंगामात दुसरं ऑफिस.

दुसरी जागा जास्त धोक्याची आहे. कोणीतरी ओळखीचा म्हणतो, ‘तुझा पॅन आणि आधार दे, तुझ्या नावावर एक फर्म काढू, महिन्याला पाच हजार घरबसल्या.’ अशा फर्मच्या नावावर माल न हलवता नुसती बिलं फाडली जातात. चौकशी येते तेव्हा फर्म ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येते, बिलं फाडणाऱ्याच्या नाही. हिशेब येणाऱ्या गरीब मुलाकडे हा माणूस हमखास येतो. इथे मोठ्या भावासारखं सांगतो: पॅन आणि मोबाईलवर आलेला ओटीपी, दोन्ही कोणाला द्यायचे नाहीत, मामूंनाही नाही.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि ती मालकांना उद्देशून आहे. आपल्या मुलांच्या कामाचा पुरावाच नसतो. पगार रोख, हजेरीची वही मालकाकडे, नेमणुकीचं पत्र नाही. चार वर्षं काम केलेला मुलगा पुण्यात मुलाखतीला जातो तेव्हा त्याचा अनुभव शून्य धरला जातो. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा २०२५ पर्यंत पूर्ण लागू होत होता: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, एक सुट्टी, जादा वेळेला दुप्पट पगार. वीस माणसं असली की भविष्य निर्वाह निधी आला. आपली बहुतेक दुकानं या आकड्यांच्या खाली राहतात आणि काही मुद्दाम खाली दाखवली जातात. पण एक गोष्ट करायला कोणताही कायदा लागत नाही: पगार बँकेत टाकणे आणि मागितल्यावर लेटरहेडवर चार ओळींचं अनुभवपत्र देणे. यात मालकाचा एक रुपया जात नाही. आपल्याच मोहल्ल्यातले, आपल्यासोबत जुम्याला एका सफेत उभे राहणारे व्यापारी हे करत नाहीत. कारण मुलाकडे कागद असला तर तो निघून जाईल, ही भीती. मला हे पटत नाही. पगार कमी देणं एक वेळ मंदीचं कारण सांगून समजावता येईल, पण मुलाने दिलेल्या वर्षांची नोंदच न ठेवणं म्हणजे ती वर्षं त्याच्याकडून काढून घेणं आहे. मुलांनी पहिल्याच महिन्यात नम्रपणे म्हणावं, ‘चाचा, पगार खात्यावर टाकला तर बरं होईल.’ जो चाचा यावर चिडतो, त्याच्याकडे किती दिवस राहायचं ते त्याच दिवशी ठरवून टाकावं.

याच कसोटीवर सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही तपासावी. २०२४ मध्ये ती आली तेव्हा पदवीधराला महिना दहा हजार आणि मुदत सहा महिने होती, पुढे पाच महिने वाढली. जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत, तहसीलमध्ये आपली पुष्कळ मुलं-मुली गेली. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली. मागणी समजण्यासारखी आहे, पण योजना प्रशिक्षणाची होती, नोकरीचा हक्क तिच्यात नव्हता. अशा जागी गेलेल्या ज्या मुलांनी लेखा शाखेत काम मागून घेतलं, त्यांना देयक कसं तयार होतं, कोषागारात कसं जातं हे तरी कळलं. जी अकरा महिने आवक-जावक वहीत शिक्के मारत बसली, त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि सांगायला काही नाही. पैसे दोघांना सारखेच मिळाले.

मुलींबद्दल दोन वाक्यं स्वतंत्र लिहायला हवीत. पदवीधर मुलीला आपल्याकडे खाजगी शाळेतली शिक्षिकेची जागाच सोयीची मानतात, चार-पाच हजारांवर, कारण दुपारी घरी येता येतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला करसल्लागाराचं ऑफिस त्याहून वाईट नाही. काम दिवसाचं, टेबलावरचं, आणि लग्नानंतर सासर जिंतूरला असो की जालन्याला, जुळवणी तिथेही तीच असते. शाळेतला अनुभव दुसऱ्या गावात पुन्हा चार हजारांपासून सुरू होतो.

माझं सांगणं शेवटी तीन ओळींत मावतं, आणि ते वहीच्या एका पानावर लिहून घरात ठेवता येतं. परीक्षा कोणती आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे पहिल्या ओळीत. आजच्या कामातून पुढच्या बारा महिन्यांत मागून घ्यायची एक गोष्ट, जिचे पैसे दुसरा मालक देईल, ही दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत ती गोष्ट मिळाली नाही तर हे काम सोडायचा महिना. कापसाच्या पट्ट्यात पावसाळा हा त्यासाठी चांगला महिना आहे, कारण तेव्हा जिनिंगला तुमची गरज नसते आणि दुसऱ्या कोणाला तरी असते. आणि वडील मंडळींना एवढंच, की पाहुण्यांपुढे मुलाची ओळख करून देताना तो काय ‘होणार’ आहे ते सांगण्याआधी तो आज काय करतो ते सांगा. मुनीम म्हणून काम करतो, असं वडिलांनी सरळ आवाजात म्हटलं की त्या मुलाची चार वर्षं ‘तयारी’च्या नावाखाली लपून जायचं कारण उरत नाही.